आईचं एकच वाक्य आठवतं, बाकीचं कसं लिहू?

*'मी निपाणीजवळच्या खेड्यातली. आईवर एक लेख लिहिते आहे. 1988 साली मी एसएसएलसी पास झाले, त्या आठवड्यात एका रात्री माझ्या पुढच्या शिक्षणावरून घरात बोलणं झालं. आई सोप्यात विड्या वळत होती, आप्पा होते, शेजारचे काका आले होते. काका आप्पांशी कन्नडमधून बोलायचे, मला निम्मंच समजायचं. मी आत चुलीपाशी होते. आईचं एक वाक्य स्पष्ट आठवतं: "माझी बोटं गेली ती गेली, तिची जाऊ देणार न्हाई." बाकी कोण काय म्हणालं त्याचा अर्थ आठवतो, शब्द आठवत नाहीत. आई-आप्पा आता नाहीत. थोरला भाऊ म्हणतो, काका त्या रात्री नव्हतेच. मी तो प्रसंग दीड पान संवादात लिहिला आहे, मसुदा सोबत पाठवते. वाचायला चांगला वाटतो, पण अवतरणचिन्हं टाकताना हात अडखळतो. हे खोटं लिहिणं आहे का? नसेल तर किती लिहायचं?'*

*— एक वाचक, निपाणी परिसर*

नमस्कार ताई,

तुमचा मसुदा दोनदा वाचला. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. अवतरणचिन्हात आईचं ते एक वाक्य ठेवा. बाकी दीड पान संवाद काढा, पण त्यातला मजकूर टाकून देऊ नका. तोच निवेदनात आणा. आप्पांनी काय मागितलं, काय नाकारलं, आई कशावर अडून बसली, हे सगळं तुमच्या शब्दांत आणि तुमचं म्हणून सांगा. शब्द आठवत नाहीत म्हणून प्रसंगच वगळणं चुकीचं ठरेल, कारण त्याचा अर्थ तुम्हाला खरोखर आठवतो. मात्र अर्थ आठवतो म्हणून शब्दही आठवतात असं वाचकाला भासवणं, तिथंच तुमचा हात अडखळतो आहे. तो बरोबर जागी अडखळतो आहे.

ऐकलेलं वाक्य डोक्यात कसं राहतं यावर मानसशास्त्रात जुनं काम आहे. 1967 साली जॅकलीन सॅक्स या संशोधिकेनं लोकांना एक उतारा ऐकवला. मग मध्येच थांबवून त्यातलंच एखादं वाक्य पुन्हा ऐकवलं, कधी जसंच्या तसं, कधी थोडं बदलून, आणि काही बदललं आहे का असं विचारलं. वाक्य नुकतंच ऐकलेलं असेल तर लोक बदल ओळखत. मध्ये जेमतेम अर्धा मिनिट दुसरा मजकूर गेला की मात्र वाक्याची रचना बदललेली त्यांच्या लक्षात येत नसे. अर्थ बदललेला असेल तर तो लगेच कळे. म्हणजे शब्द विसरायला वर्षं लागत नाहीत. तुम्ही त्या रात्री चुलीपासून उठून अंथरुणावर गेलात, तेव्हाच बहुतेक शब्द गेलेले होते. ते जाणं हा तुमचा दोष नाही, कुणाच्याही बाबतीत हेच होतं.

मग आईचं वाक्य कसं राहिलं? त्यालाही उत्तर आहे. 1977 साली एका संशोधक गटानं प्रत्यक्ष चर्चेत बोललेली वाक्यं लोकांना किती आठवतात ते तपासलं. साधी माहिती देणारी वाक्यं शब्दशः राहिली नव्हती. ज्या वाक्यांत बोलणाऱ्याचा ऐकणाऱ्याशी थेट संबंध होता, म्हणजे टोमणा, थट्टा, अंगावर येणारं काही, ती मात्र बऱ्याच अंशी जशीच्या तशी राहिली होती. तुमच्या आईचं वाक्य नेमकं त्या जातीचं आहे. ते तुमच्याबद्दल होतं, तिच्या हातांबद्दल होतं, आणि त्यावर तुमचं पुढचं आयुष्य ठरलं. म्हणून या वाक्यावर विश्वास ठेवायला आधार आहे. त्याच रात्रीच्या 'फी किती' आणि 'बस किती वाजता' या बोलण्यावर तसा विश्वास ठेवायला आधार नाही. दोन्हींना एकच अवतरणचिन्ह लावलंत तर आईच्या वाक्याचं वजन तुम्ही स्वतःच कमी करता. वाचकाला कळणार कसं, की हे एक खरोखर ऐकलेलं आहे आणि बाकीचं रचलेलं?

आता तुमच्या मसुद्याकडे येतो. त्याआधी एका माणसाची हकिगत सांगायला हवी, कारण मसुद्यातली सगळ्यात मोठी अडचण तिच्यातून लवकर कळेल.

अमेरिकेत विरोधी पक्षाच्या कार्यालयात झालेल्या घुसखोरीच्या, म्हणजे वॉटरगेटच्या प्रकरणात जॉन डीन नावाचा वकील होता, राष्ट्राध्यक्ष निक्सनचा सल्लागार. 1973 च्या जूनमध्ये त्यानं सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. लेखी निवेदन 245 पानांचं. कुठल्या भेटीत कोण काय म्हणालं हे तो इतकं तपशिलानं सांगत होता, की लोक त्याला चालतंबोलतं टेपरेकॉर्डर म्हणू लागले. मग कळलं की निक्सनच्या कार्यालयात खरोखरच टेप चालू असायची. पुढे 1981 साली उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञानं डीनची साक्ष आणि ध्वनिफितींची लिखित प्रत शेजारी ठेवून पाहिली. 15 सप्टेंबर 1972 च्या भेटीबद्दल डीननं सांगितलं होतं की निक्सननं त्याला बसायला सांगितलं, चांगलं काम केलंस म्हणून कौतुक केलं. फितीत त्यातलं जवळजवळ काही नव्हतं. तरीही मूळ मुद्द्यावर, म्हणजे निक्सनला लपवाछपवी माहीत होती यावर, डीन बरोबर होता. अनेक भेटींतून जे पुन्हा पुन्हा घडलं ते त्याला खरं आठवत होतं आणि त्यानं ते एका भेटीत बसवलं होतं. शिवाय त्या आठवणींत डीन स्वतः प्रत्यक्षापेक्षा मोठा झाला होता. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच आठवत होतं.

हे डोक्यात ठेवून तुमच्या मसुद्यात आईच्या तोंडी घातलेली वाक्यं बघा. 'पोरगी शाळेत पहिली आली, हुशार हाय, तिला शिकवली तर घराचं नाव काढील.' ताई, हे तुमचं कौतुक आहे आणि ते आईच्या तोंडून येतं आहे. आई असं म्हणाली असेलही. पण या रात्रीच्या आठवणीत सगळ्यात आधी शंका घ्यायची ती अशा वाक्यावर, जे तुम्हाला हवंहवंसं आहे. माझा नियम एवढाच आहे की स्वतःला मोठं करणारं किंवा स्वतःची बाजू खरी ठरवणारं वाक्य शब्दशः आठवत नसेल, तर ते अवतरणात कधीच जाऊ द्यायचं नाही. निवेदनात लिहायचं झालं तरी 'आईला माझ्या अभ्यासाचं कौतुक होतं' इतकंच. त्यानं लेखाचं काही बिघडत नाही. तिच्या बोटांचं वाक्य शेजारी असताना या प्रशस्तिपत्राची गरजच नाही.

आप्पांचं वाक्य याहून अवघड आहे. मसुद्यात ते म्हणतात, 'मराठीत शिकून काय उपयोग? कन्नड येत न्हाई तर नोकरी कोण देणार? या राज्यात आपल्याला कोण विचारतंय?' हे वाक्य मला आपल्या भागातल्या बऱ्याच लेखांत भेटतं, फक्त बाप बदलतो. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाला दोनच वर्षं झाली होती, घराघरांत हा विषय होता, तेव्हा आप्पा असं म्हणाले असण्याची शक्यता आहेच. पण तुमच्या पत्रात हे वाक्य कुठंही नाही. पत्रात तुम्ही आठवणीतून लिहिलंत आणि मसुद्यात लेखिका म्हणून लिहिलंत, या दोन्हींत पडलेला हा फरक फार बोलका आहे. सीमाभागातल्या माणसाच्या लेखात सीमाप्रश्न यायलाच हवा असं आपल्याला वाटतं, आणि मग तो मेलेल्या बापाच्या तोंडी घातला जातो, कारण बाप नाही म्हणायला येत नाही.

स्वतःला विचारा: आप्पांचं हे म्हणणं त्या रात्रीचं आहे, की नंतर कधी तुमच्या नोकरीच्या वेळचं, की तुमचं स्वतःचं आजचं? नंतरचं असेल तर नंतरच्या जागी घाला. तुमचं असेल तर तुमचं म्हणून लिहा: 'आज मला वाटतं, त्यांच्या नकारामागं कन्नडची भीतीही असेल.' हे प्रामाणिक आहे आणि विचार म्हणून जास्त खोलही आहे. त्या रात्री आप्पांना बहुधा फीची आणि घरातल्या दोन हातांची चिंता होती. विडीचे पैसे हजारावर मिळतात, आणि कॉलेजला जाणारी मुलगी आईच्या बरोबरीनं बसत नाही. माणसाला एवढी चिंता पुरेशी असते. तिला मोठ्या प्रश्नाचं रूप दिलं की आप्पा माणूस न राहता भूमिका होतात.

आणखी एक खूण सांगतो, तिच्यावरून रचलेला संवाद लगेच ओळखू येतो. मसुद्यात आप्पा आईला सांगतात, 'आपल्याला तीन पोरं, थोरला कामाला लागलाय, धाकटा अजून चौथीत हाय, तू दिवसभर विड्या वळतीस.' हे सगळं आईला माहीत होतं. घरातली माणसं एकमेकांना माहीत असलेलं सांगत बसत नाहीत. ही माहिती वाचकासाठी आहे, आणि ती वाचकाला तुम्हीच सांगायची आहे. असं वाक्य सापडलं की ते कुणाच्याही तोंडातून काढून निवेदनात टाका.

तुम्ही चुलीपाशी होता, हेही मसुद्यात मध्येच सुटलं आहे. 'आप्पांनी मान खाली घातली' असं तुम्ही लिहिलंय. चुलीपासून सोप्यातली मान दिसत होती का? दिसत नसेल तर ती काढा आणि काय ऐकू येत होतं तेवढंच ठेवा. ही मर्यादा लेखाच्या फायद्याची आहे. भिंतीआडून अर्धवट ऐकणाऱ्या मुलीला जे कळलं तेच वाचकाला कळू द्या. अर्धवट ऐकलं होतं हे एकदा सांगितलंत की शब्द न आठवण्याचं कारणही लेखातच येतं, वेगळी सफाई द्यावी लागत नाही.

अर्थ सांगायचा आणि शब्दांचा दावा करायचा नाही, हे मराठीत क्रियापदानं सहज साधतं. 'आप्पा म्हणाले' लिहिलंत की ते त्या रात्रीचं, नक्की. 'आप्पा म्हणायचे' लिहिलंत की ते अनेकदा झालेलं. डीननं अनेक भेटी एका भेटीत कोंबल्या तशी चूक इथं होत नाही, कारण तुम्ही उघडच अनेक रात्रींचं सांगता. 'म्हणाले असावेत' हा तुमचा अंदाज. 'दादा सांगतो, आप्पा म्हणे त्या रात्री जेवलेच नाहीत' हे दुसऱ्याकडून आलेलं. आणि 'असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता' म्हटलंत की अर्थ पक्का, शब्द तुमचे. आपल्या घराघरांत जुन्या गोष्टी सांगताना म्हातारी माणसं हेच करतात, आणि ऐकणाऱ्याला कोणती गोष्ट किती पक्की हे बरोबर कळतं. लिहायला बसलं की मात्र आपण सगळं 'म्हणाले'वर आणून ठेवतो.

बोलीचं सांगायलाच हवं. आईच्या तोंडी मसुद्यात एक वाक्य आहे: 'मी रात्री जागते आणि हजार विड्या जास्त वळते.' निपाणीकडची, तुमच्या आईच्या पिढीची बाई 'जागते' म्हणाली असेल का? ती 'मी जागतो', 'मी वळतो' म्हणत असणार, जसं कोल्हापूरपासून आपल्याकडं बायका 'मी येतो गं' म्हणतात. हे वाक्य कुणाच्या स्मरणातून आलेलं नाही, शाळेतल्या मराठीतून आलंय, हे त्या एका क्रियापदावरून कळतं. म्हणून आठवलेलं वाक्य लिहिताना बोली जशी होती तशी ठेवा, 'न्हाई'चं 'नाही' करू नका. उलट, न आठवणाऱ्या वाक्याला बोलीचा साज चढवून खरं भासवू नका. ही युक्ती फार वापरली जाते. दोन-चार 'हाय' आणि 'न्हवं' पेरले की वाचक फसतो, आणि आपलाच भाग एकसारखा दिसू लागतो. बेळगाव-चंदगडकडचं 'करुलालास' आणि निपाणीकडचं 'करायलास' यांत फरक आहे, तो तिथल्या कानाला लगेच टोचतो.

काकांच्या कन्नड बोलण्याचं उत्तर यातूनच निघतं. तुम्हाला ते तेव्हा निम्मं समजत होतं, मग मसुद्यात त्यांना अस्खलित मराठीत चार ओळी कशा मिळाल्या? त्या पूर्णपणे तुमच्या आहेत. ते कन्नडमधून बोलत होते एवढं सांगा. जे कन्नड शब्द कानात खरोखर राहिले असतील तेवढेच देवनागरीत ठेवा, मग तो एखादा 'बेडा' असेल किंवा आप्पांचा 'हौदु'. आपल्याकडच्या वाचकाला ते समजावून सांगावे लागत नाहीत. बाकीच्याचा जो अर्थ तुम्हाला लागला तो 'मला समजलं ते असं' म्हणून लिहा. आज तुम्हाला कन्नड चांगलं येत असेल, तरी आजच्या ज्ञानानं त्या रात्रीचं वाक्य पुन्हा बनवू नका. तेव्हाच्या मुलीला ते कळलं नव्हतं, हीच त्या घराची खरी गोष्ट आहे.

मात्र काका त्या रात्री होते की नव्हते, हा प्रश्न शिल्लक राहतो. भावाला पुन्हा विचारण्याआधी एक काम करा. आज बसून, मसुदा न बघता, त्या रात्रीचं तुम्हाला जे आठवतं ते एका कागदावर लिहा आणि तारीख घाला. मग भावाला भेटा. त्याला मसुदा दाखवू नका, आणि 'काका होते ना रे?' असंही विचारू नका. 'माझ्या पीयूसीचं घरात ठरलं तेव्हा काय झालं होतं, सांग' एवढंच विचारा आणि त्याला पूर्ण बोलू द्या. दोघांनी एकत्र बसून आठवलं की एकाची आठवण दुसऱ्यात मिसळते, आणि मग कुणाचं काय होतं ते वेगळं करता येत नाही. तुमचा कागद आधीच लिहिलेला असला की ही अडचण येत नाही. भाऊ त्या रात्री घरात होता का, हेही विचारा. तो रात्रपाळीला असेल तर 'काका नव्हते' हे त्यानं पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. एवढं करूनही मतभेद राहिला तर तो मिटवू नका, लेखात ठेवा. एक ओळ पुरते.

काही गोष्टी आठवणीवर सोडायची गरजच नसते. तुमचं एसएसएलसीचं मार्कांचं कार्ड घरात असेलच, त्यावरून निकालाचा महिना आणि वर्ष पक्कं करा. कॉलेजच्या फीची पावती सापडली तर आणखी चांगलं. मसुद्यात आप्पा 'अकरावीला घालून काय करायचं' म्हणतात. सीमेच्या या बाजूला घरात 'पीयूसी' म्हणत असणार, अकरावी हा कागल-कोल्हापूरकडचा शब्द, तो पुढे तुमच्या वाचनातून आला असावा. एका ठिकाणी तुम्ही 'वायव्य परिवहनची बस' लिहिलं आहे. ते महामंडळ 1997 साली वेगळं झालं, 1988 मध्ये ते नव्हतं. असे शब्द वाक्यात सापडले की ते वाक्य नंतर बनलं आहे असं धरून चाला.

आता तो प्रसंग कसा दिसू शकेल ते लिहून दाखवतो. तुमच्या पत्रातल्या आणि मसुद्यातल्या गोष्टीच घेतल्या आहेत. कात्री थांबल्याचं तुमच्या मसुद्यात आहे म्हणून ठेवलं. तुम्हाला ते खरोखर आठवत नसेल, लिहिताना सुचलं असेल, तर काढून टाका.

*एसएसएलसीचा निकाल लागला त्या आठवड्यातली रात्र. मी आत चुलीपाशी होते. सोप्यात आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती आणि आप्पा बोलत होते. पीयूसीला घालायचं म्हणजे फी आली, रोजची बस आली आणि घरातले वळणारे दोन हात कमी झाले, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्यांचा आवाज चढलेला मला आठवत नाही. शेजारचे काका माझ्या आठवणीत त्या रात्री तिथं आहेत. दादा म्हणतो, ते नव्हते. पोरीचं वेळेत उरकावं हे काकांचं मत मात्र आमच्या घराला पाठ होतं. ते आप्पांना कन्नडमधून सांगायचे, मला निम्मं कळायचं, आणि आप्पा 'हौदु, हौदु' म्हणायचे. आई त्या रात्री आधी काय काय म्हणाली ते भिंतीआडून मला नीट ऐकू आलं नाही. पानं कापायच्या कात्रीचा आवाज थांबला तेवढा कळला. मग ती म्हणाली, 'माझी बोटं गेली ती गेली, तिची जाऊ देणार न्हाई.' त्यावर आप्पा काही बोलले असतील, तर ते मला आठवत नाही.*

दीड पानाचा एक परिच्छेद झाला. शब्दांचा दावा एकाच वाक्यावर आहे, आणि 'हौदु' हा सवयीचा शब्द म्हणून आला आहे. काकांचा वाद दोन वाक्यांत सांगून झाला आणि आप्पांच्या नकाराला त्यांची कारणं मिळाली. संवादाची दीड पानं वाचताना वाचक आप्पांवर रागावला असता. इथं रागवायला जागा नाही, कारण फी आणि बस त्यालाही दिसते.

कधी कधी पूर्ण संवाद लिहावाच लागतो. प्रसंगच दोघांच्या बोलण्यावर उभा असतो आणि निवेदनात तो मरतो. तेव्हा लिहा, पण सुरुवातीलाच वाचकाला सांगा: 'बोलणं साधारण असं झालं, शब्द माझे आहेत.' हे लेखाच्या शेवटी तळटीपेत टाकू नका, संवादाच्या आधीच्या ओळीत सांगा. आणि मग दोन-तीन वाक्यांत आटोपा. लांब संवाद जितका गुळगुळीत, तितका तो कथेकडे झुकतो. कथा लिहायची असेल तर कथा म्हणून लिहा, त्यात काही कमीपणा नाही. पण तो लेख 'आईबद्दल' म्हणून छापायला देऊ नका.

दोन ठिकाणी मात्र रचलेला संवाद अजिबात नको. एक, ज्याच्यावर दोष येतो आणि जो हयात आहे. काका हयात असतील किंवा त्यांची मुलं गावात असतील, तर 'पोरीला उजवून टाका' असं नेमकं वाक्य त्यांच्या नावावर घालू नका. वर लिहिलं तसं मत सांगितलं तर ते त्यांना आणि त्यांच्या मुलांनाही ओळखीचं वाटेल, आणि त्यावर वाद झाला तरी तो खऱ्या गोष्टीवर होईल. दुसरं, जे चारचौघांत बोललं गेलं. लेखात पुढे तुम्ही 1986 च्या एका सभेतल्या पुढाऱ्याचं वाक्य अवतरणात दिलं आहे. ते त्या वेळच्या वर्तमानपत्रात सापडू शकेल, तेव्हा जुन्या अंकांत शोधा. सापडलं तर छापलेलं द्या, नाही सापडलं तर अवतरण काढा. सभेत कुणाच्या तोंडी काय घातलं यावरून आपल्याकडे अजून भांडणं होतात.

लेख पाठवताना संपादकांना वेगळी चिठ्ठी जोडा, की आईच्या वाक्यातला 'न्हाई' तसाच ठेवायचा आहे आणि परिच्छेदात नवीन अवतरणचिन्हं घालायची नाहीत. दिवाळी अंकांच्या घाईत मुद्रितशोधक बोली शुद्ध करून टाकतात. 'असा रोख होता' हे वाक्य त्यांना लांबट वाटतं, मग ते त्याचं 'आप्पा म्हणाले' करतात आणि पुढे दोन चिन्हं घालतात. छपाईआधी प्रूफ मागवा आणि तेवढा परिच्छेद स्वतः वाचा.